हार्डवेअर दुकानाच्या विक्रीचा डेटा साफ करून घ्यायचाय, तर फ्रीलान्सरला मेसेज काय लिहायचा?

प्रश्न: आमचं हार्डवेअर, पाइप आणि वायरचं दुकान आहे. २०२३-२४ ची बिलं भाच्याने बिलबुकावरून एक्सेलमध्ये टाइप केली आणि एप्रिल २०२४ पासून बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. रोज साधारण ६० बिलं होतात. मालाच्या यादीत ४,१०० नावं दिसतात, दुकानात मात्र हजार-दीड हजारच वस्तू आहेत. कोणता माल पडून राहतो ते डिसेंबर २०२५ पर्यंतच्या विक्रीवरून काढायचंय. मी एका फ्रीलान्सरला लिहिलं, "तीन वर्षांचा डेटा साफ करायचाय, किती घ्याल?" तो म्हणाला, "आधी स्कोप पाठवा." त्याला नेमकं काय पाठवू?

उत्तर:

त्याने दर सांगायच्या आधी स्कोप मागितला, हे चांगलं लक्षण आहे. मी बारा वर्षं हेच काम करते. तुमच्यासारख्या ओळीवर जो लगेच आकडा सांगतो, तो एकतर फार जास्त सांगतो किंवा अर्ध्या कामात गायब होतो.

तुम्हाला वाटत असेल की स्कोप म्हणजे कामांची यादी: तारखा नीट करा, नावं एकसारखी करा, डुप्लिकेट काढा. ती यादी कुणीही करील. भांडण होतं ते एका वेगळ्याच गोष्टीवरून. फाइलमध्ये जिथे दोन अर्थ निघतात, तिथे ठरवायचं कुणी, हे आधी बोललेलं नसतं. तेव्हा मेसेजमध्ये तीन गोष्टी वेगळ्या करा. त्याने न विचारता काय बदलायचं, तुम्हाला विचारून काय बदलायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही. बाकी सगळं याच्या आजूबाजूने येतं.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. यादीत "पीव्हीसी पाइप १ इंच" आहे आणि "पीव्हीसी पाइप २५ एमएम"ही आहे. फ्रीलान्सर हुशार असेल तर इंच म्हणजे २५.४ एमएम असा हिशोब करून दोन्ही नावं एक करून टाकील. तुम्हाला माहीत आहे की शेतीच्या पीव्हीसी पाइपात २५ एमएम हा बाहेरचा व्यास असतो. काउंटरवर त्याला आपण पाऊण इंची म्हणतो आणि एक इंची मागितला की ३२ एमएम काढून देतो. पण सीपीव्हीसीमध्ये २५ एमएम म्हणजे एक इंचीच! म्हणजे तोच आकडा एका मालात पाऊण आणि दुसऱ्यात एक. हे त्याला कुठल्या पुस्तकात शोधायला लावू नका. माप असलेली नावं तुम्हाला विचारल्याशिवाय जोडायची नाहीत, एवढं एक वाक्य लिहिलं की पाइपाचा सगळा विभाग वाचतो.

वायरचंही तसंच. कॉइल ९० मीटरची, पण गिऱ्हाईक दहा मीटरही मागतं. घाईत युनिट "मीटर" राहतं आणि विकली जाते अख्खी कॉइल. मग फाइलमध्ये एक मीटर वायर अठराशे रुपयांना विकलेली दिसते. इथे मात्र प्रत्येक ओळ तुम्हाला विचारायची गरज नाही, रेटवरूनच कळतं. रेट वीस-पंचवीस रुपये असेल तर मीटर, दीड-दोन हजार असेल तर कॉइल. हा नियम तुम्ही एकदा लिहून दिलात की तो सगळ्या ओळींना लावता येतो. दुकानदाराच्या डोक्यात असे दहा-बारा नियम असतात आणि ते त्याला इतके अंगवळणी पडलेले असतात की सांगायचं सुचतच नाही. मेसेज लिहिण्याआधी एक दिवस काउंटरवर बसून ते कागदावर उतरवा.

आता तारखांकडे येऊ, कारण भाच्याने टाइप केलेलं वर्ष तिथेच बिघडलेलं असण्याची मला दाट शंका आहे. नव्या लॅपटॉपची सेटिंग बऱ्याचदा अमेरिकन असते, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. त्याने ०७/१०/२०२३ टाइप केलं, एक्सेलने ते १० जुलै म्हणून साठवलं आणि पडद्यावर आकडे टाइप केले त्याच क्रमाने दिसत राहिले. त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. १३/१०/२०२३ मात्र तेराव्या महिन्यात बसेना, म्हणून ते नुसता मजकूर होऊन राहिलं. याची खूण म्हणजे खऱ्या तारखा कॉलममध्ये उजवीकडे सरकलेल्या दिसतात आणि मजकूर झालेल्या डावीकडे. वर्षभर असंच झालं असेल तर ऑक्टोबर २०२३ची सगळी विक्री ४ ते १२ तारखेदरम्यानच झालेली दिसेल. ती खरं तर एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतच्या दर महिन्याच्या दहा तारखेची विक्री आहे.

तपासायला हे सूत्र वापरा. B कॉलममध्ये तारीख आणि F मध्ये ओळीची रक्कम धरली आहे.

```
=SUMIFS(F:F,B:B,">="&DATE(2023,10,1),B:B,"<"&DATE(2023,11,1))
```

येणारी बेरीज बिलबुकावरच्या ऑक्टोबरच्या बेरजेशी ताडून पाहा. मजकूर झालेल्या तारखा या सूत्रात मोजल्या जात नाहीत. म्हणून आकडा निम्म्याहूनही खाली आला तर घोळ तारखांचाच आहे असं समजा.

दुरुस्त कसं करायचं ते फ्रीलान्सर बघेल. तुम्ही त्याला दुरुस्ती बरोबर झाली की नाही याची कसोटी द्यायची, आणि ती तुमच्याकडे आयती आहे. बिलबुकात नंबर आणि तारीख बरोबरीने वाढतात. म्हणून तारखा लावल्यावर बिल नंबर मागे-पुढे उडत असतील तर काहीतरी चुकलंय. दुसरी कसोटी साप्ताहिक सुट्टीची. ७ ऑक्टोबर २०२३ला शनिवार होता आणि १० जुलै २०२३ला सोमवार. तुमचं दुकान सोमवारी बंद असेल तर सोमवारची प्रत्येक विक्री संशयित. या दोन कसोट्यांपुढे कुठल्याही सॉफ्टवेअरची हुशारी फिकी आहे.

डुप्लिकेटच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे. सुरुवातीच्या काळात एका दुकानाच्या फाइलमधून एकसारख्या दिसणाऱ्या ओळी मी उडवून टाकल्या. बिल नंबर तोच, वस्तू तीच, नग तेवढेच. दोन महिन्यांनी मालकांना एल्बो आणि टी यांची विक्री कमी दिसू लागली. झालं असं होतं की प्लंबर चार एल्बो घेतो, बिल बंद व्हायच्या आत "अजून चार द्या" म्हणतो आणि तीच ओळ पुन्हा पडते. ती विक्री खरी होती. तेव्हापासून बिलाच्या आतली ओळ मी कधीच आपणहून काढत नाही. अख्खं बिल दोनदा टाइप झालेलं असेल तरच काढते. आणि तिथेही एक खड्डा आहे. जीएसटीत बिल नंबर आर्थिक वर्षापुरता वेगळा असला की पुरतो, म्हणून बरेच दुकानदार १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू करतात. तुम्हीही तसंच केलं असेल, तर बिल नंबर २१४ तीन वर्षांत तीनदा आलाय आणि तिन्ही बिलं खरी आहेत. नुसत्या नंबरावरून डुप्लिकेट काढले की दोन वर्षांची विक्री गेलीच म्हणून समजा.

सिमेंट ठेवत असाल तर आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागेल. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. एकाच वस्तूला दोन दर दिसले की नीटनेटकेपणाची सवय असलेला माणूस ते "सुधारतो". इथे दोन्ही दर आपापल्या तारखेला बरोबर आहेत. कर, रेट आणि रक्कम हे कॉलम म्हणूनच हात न लावण्याच्या यादीत जातात.

"मागील बाकी"चा घोळ जवळपास प्रत्येक उधारीच्या दुकानात सापडतो. बिल करताना जुनी उधारी एक ओळ म्हणून खाली लिहिली जाते आणि पुढे फाइलमध्ये ती विक्री म्हणून मोजली जाते, म्हणजे एकच माल दोनदा विकलेला. त्या ओळी पुसू नका, वेगळ्या पानावर काढायला सांगा. ताळा असा बसला पाहिजे: मूळ बेरीज बरोबर विक्री अधिक बाजूला काढलेलं. समजा ऑक्टोबरची मूळ बेरीज ९,८४,३१० आहे आणि मागील बाकीच्या ओळी ४१,२०० च्या निघाल्या. मग विक्री ९,४३,११० यायलाच हवी. एक रुपया इकडे-तिकडे झाला तरी कारण विचारा. दर महिन्याचा हा ताळा मिळाला तरच काम पूर्ण, असं लिहा. "फाइल स्वच्छ दिसली पाहिजे" या वाक्याला काही अर्थ नाही, त्यावर पैसे द्यायचे की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही.

आणि काय करायचं नाही हेही लिहा, पैसे तिथेच वाचतात. तुम्हाला पडून राहणारा माल शोधायचाय. त्यासाठी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाइल यातलं काहीच लागत नाही. हे कॉलम साफ करायला सर्वात जास्त वेळ खातात, शिवाय लोकांचे नंबर परक्या माणसाच्या हातात जातात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर ही सवय सोडलेलीच बरी. फाइल पाठवण्याआधी ते कॉलम स्वतः काढून टाका. बिलिंग सॉफ्टवेअरचा पासवर्डही देऊ नका, एक्सपोर्ट केलेली फाइल पुरते.

हे सगळं धरून मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

> नमस्कार. तुम्ही स्कोप मागितला होता, तो खाली देत आहे.
>
> कशासाठी हवंय: एप्रिल २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात कोणती वस्तू कोणत्या महिन्यात किती विकली गेली, हे मला पाहायचं आहे. त्यावरून पडून राहणारा माल ठरवणार आहे. हा डेटा जीएसटी रिटर्नसाठी वापरणार नाही.
>
> काय देतोय: दोन फाइल. पहिली २०२३-२४ची, हाताने टाइप केलेली एक्सेल, अंदाजे ५६ हजार ओळी. दुसरी एप्रिल २०२४ पासूनची, सॉफ्टवेअरमधून काढलेली, अंदाजे ९८ हजार ओळी. एका ओळीत एका बिलातली एक वस्तू आहे. मालाच्या यादीत ४,१०० नावं आहेत, खऱ्या वस्तू १,५०० च्या आसपास असाव्यात. गिऱ्हाइकांची माहिती काढून टाकली आहे. सोबत प्रत्येक महिन्याची मूळ बेरीज देतोय.
>
> न विचारता बदला: स्पेलिंग, जास्तीच्या मोकळ्या जागा, मराठी-इंग्रजी लिपीतली तीच नावं (उदा. "खिळे २ इंच" आणि "khile 2 inch"). तारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने टाइप केल्या होत्या, त्या तशा करून घ्या. एका आर्थिक वर्षात बिल नंबर तारखेबरोबर वाढला पाहिजे आणि सोमवारी दुकान बंद असतं, यावरून तपासा. वायरचा रेट १०० रुपयांच्या आत असेल तर युनिट मीटर, १,००० च्या वर असेल तर कॉइल. एक कॉइल ९० मीटरची धरा. मधले रेट विचारा.
>
> विचारून बदला: ज्या नावात माप, जाडी किंवा लिटर आहे अशी कोणतीही दोन नावं जोडण्याआधी विचारा. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी कधीही एकत्र करू नका. अख्खं बिल दोनदा आलंय असं वाटलं तर आर्थिक वर्ष, बिल नंबर आणि रक्कम यांची यादी पाठवा, मी बिलबुकात बघून सांगतो.
>
> हात लावू नका: रेट, कर, रक्कम. एका बिलात तीच वस्तू दोनदा असेल तर ती तशीच राहू द्या. माल परत आल्याच्या वजा ओळी आणि रद्द बिलांचे नंबर पुसू नका, फक्त खूण करा. सिमेंटला २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी २८ आणि नंतर १८ टक्के कर आहे, दोन्ही बरोबर आहेत.
>
> वेगळं काढा: "मागील बाकी", "जमा", "उधारी" अशा ओळी वेगळ्या पानावर.
>
> काय परत हवंय: साफ केलेली एक फाइल, ज्यात मूळ नाव आणि नवं नाव शेजारी-शेजारी असेल. जुन्या नावावरून नवं नाव दाखवणारी मालाची यादी. काय बदललं आणि किती ओळींत, याची नोंद. आणि दर महिन्याचा ताळा.
>
> कसं करू: आधी ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ हे दोनच महिने करून पाठवा, त्याचे पैसे वेगळे देईन. ते बघून बाकीच्या कामाचा दर आणि मुदत ठरवू. प्रश्नांची यादी रविवारी रात्रीपर्यंत पाठवलीत तर मी सोमवारी उत्तरं देईन. यात नसलेलं काही निघालं तर करण्याआधी कळवा, त्याचा दर वेगळा ठरवू. काम संपल्यावर तुमच्याकडच्या फाइल पुसून टाकाव्यात ही विनंती.

हे एकाच मेसेजमध्ये पाठवा. व्हॉट्सअॅपवर तुकडे-तुकडे करून पाठवलंत तर पुढच्या महिन्यात "मी म्हटलं होतं ना" हे सिद्ध करायला तासभर स्क्रोल करत बसावं लागेल. ईमेल असेल तर उत्तम.

नमुन्याला मी दोन महिने सांगितले, कारण तुमच्याकडे दोन वेगळ्या तऱ्हेचा डेटा आहे. दुकानदार नेहमी सगळ्यात स्वच्छ महिना नमुन्याला देतात, का कुणास ठाऊक, पाहुण्यांना दिवाणखाना दाखवावा तसं. मग त्यावर ठरलेला दर पुढच्या घाणीला पुरत नाही आणि कटकट सुरू होते. टाइप केलेल्या वर्षातला सणाच्या गर्दीचा महिनाच द्या.

दर ओळींवर ठरवू नका. दीड लाख ओळी ऐकायला खूप वाटतात, पण तारखा आणि लिप्या एकदा नियम बसला की एका झटक्यात होतात. खरा वेळ जातो तो ४,१०० नावांत. माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या दुकानातून तीन-चारशे नावं तरी प्रश्न म्हणून परत येतात आणि ती मालकालाच सोडवावी लागतात. म्हणजे तुमचे किमान दोन-तीन सोमवार यात जाणार आहेत. ते दिले नाहीत तर फ्रीलान्सर अंदाजाने जोडाजोड करील आणि त्याला दोष देता येणार नाही. मी स्वतः ठरलेल्या कामाची एक रक्कम घेते: नमुना पटल्यावर तिसरा हिस्सा, मालाची यादी मान्य झाल्यावर तिसरा आणि ताळा जुळल्यावर उरलेला.

फाइल परत आल्यावर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका. सीएसव्ही साठवताना साधा प्रकार निवडला गेलेला असतो. त्याला एक्सेलमध्ये `CSV UTF-8 (Comma delimited)` या प्रकाराने पुन्हा साठवून द्यायला सांगा, किंवा सरळ `.xlsx` मागा. भाच्याने काही नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तिथे इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसेल आणि ते युनिकोडमध्ये आणणं हे वेगळं काम आहे. आत्ताच फाइल दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडून बघा. खिचडा दिसला तर फॉन्टचं नाव मेसेजमध्ये लिहा, नाहीतर त्याचा दर चुकेल.

आणि मूळ दोन फाइल पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवून द्या, त्यांच्यावर कुणीच काम करायचं नाही. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. साफ केलेली फाइल त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण तिच्यात तुम्ही नावं बदललेली आहेत. बिलबुकंही रद्दीत घालू नका. दोनदा आलेल्या बिलांची यादी आली की पहिल्याच सोमवारी ती काढावी लागतील.